आधीचा आकडा नसताना नमुना किती घ्यावा, आणि सूत्रात अर्धाच का धरावा

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघालं की कुंभारीला गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत लागते. सुमारे दहा हजार घरं. २००६ साली ही घरं विडी कामगार बायकांच्या ताब्यात आली, तेव्हा विडी वळणं हीच तिथं घर मिळण्याची पात्रता होती. आता इतकी वर्षं उलटल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो, आज यातल्या किती घरांत विडी वळली जाते? सासूनंतर सूनही वळते का, की ती शिलाईच्या कामाला जाते? वसाहतीत चार जणांना विचारा, चार अंदाज मिळतील. जुना भरवशाचा आकडा हातात नाही आणि दहा हजार दारं ठोठावणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे नमुना घ्यावा लागणार.

नमुना किती घरांचा, हे विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "दहा टक्के घ्या." दुसरं, "तीनशे चौऱ्याऐंशी घ्या." पहिल्याला काहीच आधार नाही. दुसऱ्याला आहे, पण तो आकडा कुठून आला हे सांगणारे फार कमी भेटतात, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं जातं. म्हणून या एकाच उदाहरणाला धरून सगळा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू.

## आधी प्रश्न हो-नाहीत बसवा

"विडीचं काम चालतं का" हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण तो मोजता येत नाही. एखाद्या घरात सासू पूर्वी वळायची, आता डोळ्यांमुळे थांबली. दुसऱ्या घरात बाई फक्त शेजारणीला पानं कापून देते. तिसऱ्या घरात आठवड्यातून दोनच दिवस माल मिळतो. यांना कुठे टाकायचं? हे दारात उभं राहून ठरवलं तर प्रत्येक पाहणी करणारा वेगळं ठरवेल, आणि मग कितीही मोठा नमुना घेतला तरी उत्तराला अर्थ राहणार नाही.

म्हणून व्याख्या कागदावर लिहून काढा. उदाहरणार्थ, "गेल्या सात दिवसांत या घरातल्या किमान एका व्यक्तीने मजुरीसाठी विडी वळली का?" आता उत्तर हो किंवा नाही, एवढंच. हो असेल तर १, नसेल तर ०. सगळ्या घरांचे हे आकडे मिळवून घरांच्या संख्येने भागलं की जो वाटा निघतो, तोच आपल्याला हवा आहे. त्याला `p` म्हणू. तो ०.७ असेल तर शंभरातल्या सत्तर घरांत विडी वळली जाते.

घर म्हणजे काय, हेही याच वेळी ठरवायचं. वर्षभर कुलूप असलेलं, कुणीच राहत नसलेलं घर मोजणीतून वगळायचं. आज दार बंद आहे पण लोक राहतात, असं घर मात्र मोजणीत ठेवायचं. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

## दोन गोष्टी तुम्ही ठरवता, तिसरी ठरवता येत नाही

नमुन्याच्या आकाराचं सूत्र असं आहे:

```
n = z² × p × (1 − p) / E²
```

`E` म्हणजे किती फरक चालेल ते, यालाच मार्जिन म्हणतात. "६५ टक्के, पाच टक्के इकडेतिकडे" असं म्हणायचं असेल तर `E` ०.०५. हे तुम्ही ठरवता, आणि ते उत्तराचा उपयोग काय होणार आहे यावरून ठरवायचं असतं. प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी पाच टक्के पुरतात. नुसतं "बहुतेक घरांत की थोड्या घरांत" एवढंच हवं असेल तर दहा टक्क्यांनीही भागतं.

`z` म्हणजे भरवसा किती हवा याचा आकडा. ९५ टक्के भरवशासाठी तो १.९६ असतो. याचा अर्थ असा, की याच वसाहतीतून याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने काढत गेलो, तर शंभरातल्या साधारण पंच्याण्णव वेळा नमुन्याचा वाटा खऱ्या वाट्याच्या `E` इतक्या अंतरात पडेल. सामाजिक पाहणीत ९५ टक्के हीच रूढ पातळी आहे. ती बदलायला खास कारण नसेल तर बदलू नका.

राहिला `p`. इथेच गाडी अडते. `p` शोधायला तर आपण निघालो आहोत, आणि सूत्र म्हणतं, आधी `p` सांग. या वसाहतीची किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तीची पूर्वीची पाहणी हाताशी असती तर तिचा आकडा घातला असता. ती नाही. अशा वेळी `p` च्या जागी ०.५ घालतात.

हे ०.५ म्हणजे "निम्म्या घरांत विडी वळली जात असेल" असा अंदाज अजिबात नाही. विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. अहवालातही "५० टक्के घरांत विडी वळली जाते असे गृहीत धरले" असं वाक्य येतं, आणि ते चूक आहे. खरा वाटा काहीही असला तरी नमुना कमी पडणार नाही, एवढीच हमी ०.५ देतो. ती कशी देतो, ते आता सावकाश पाहू.

## अर्ध्यालाच घरं सर्वांत जास्त का लागतात

सूत्रात खरा वाटा `p × (1 − p)` या एका गुणाकारातूनच येतो. हा गुणाकार घरं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते मोजतो.

एका गल्लीतली दहा घरं घ्या. त्यांतून दोन-दोनच्या जोड्या लावा आणि दोन घरांची उत्तरं वेगळी असलेल्या जोड्या मोजा. दहाही घरांत विडी वळली जात असेल तर अशी जोडी एकही नाही. कुठलंही एक घर विचारलं की बाकी नऊ कळली. नऊ घरांत हो आणि एकात नाही असेल तर वेगळ्या उत्तरांच्या जोड्या ९ × १ म्हणजे ९. आठ-दोन असेल तर १६, सात-तीन असेल तर २१, सहा-चार असेल तर २४, आणि पाच-पाच असेल तर २५. पुढे चार-सहा झालं की पुन्हा २४.

म्हणजे निम्मी घरं एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला असतात, तेव्हा वस्ती सर्वांत जास्त मिसळलेली असते. अशा वस्तीत एका घराचं उत्तर कळल्याने पुढच्या घराबद्दल काहीच अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे नमुन्याचा आकडा सर्वांत जास्त हेलकावतो, आणि तो स्थिर करायला सर्वांत जास्त घरं विचारावी लागतात. वस्ती कुठल्याही एका बाजूला झुकली की काम हलकं होतं.

बीजगणितात हेच एका ओळीत दिसतं:

```
p × (1 − p) = 0.25 − (p − 0.5)²
```

उजवीकडची वजाबाकी नीट पाहा. वजा होणारी संख्या वर्ग असल्यामुळे ती कधीच ऋण नसते. `p` कितीही घ्या, ०.२५ मधून काहीतरी कमीच होईल. `p` नेमका ०.५ असेल तेव्हाच काही कमी होत नाही. म्हणून ०.२५ हे या गुणाकाराचं छत आहे, आणि `p` च्या जागी ०.५ घालणं म्हणजे छताइतकी तरतूद करणं. खरा वाटा ०.३ निघो की ०.८, लागणारी घरं या तरतुदीपेक्षा कमीच असतील.

ही सावधगिरी किती महाग पडते? पाच टक्के मार्जिन आणि ९५ टक्के भरवसा धरून हिशेब केला तर असा येतो:

| खरा वाटा | गुणाकार | लागणारी घरं |
|---|---|---|
| ०.१ किंवा ०.९ | ०.०९ | १३९ |
| ०.२ किंवा ०.८ | ०.१६ | २४६ |
| ०.३ किंवा ०.७ | ०.२१ | ३२३ |
| ०.४ किंवा ०.६ | ०.२४ | ३६९ |
| ०.५ | ०.२५ | ३८५ |

मधला भाग किती सपाट आहे बघा. ०.४ पासून ०.६ पर्यंत फरक जेमतेम सोळा घरांचा. खरा वाटा ०.३ असला तरी आपण बासष्ट घरं जास्त विचारली, एवढंच. खरं जास्तीचं काम पडतं ते टोकांना, म्हणजे वाटा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा नव्वदच्या आसपास असेल तेव्हा. आणि तेव्हासुद्धा ते काम वाया जात नाही, हे शेवटच्या हिशेबात दिसेल.

याला आणखी एक व्यवहारी कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत वजनदार. तुमच्या प्रश्नावलीत एकच प्रश्न नसतो. ओळखपत्र आहे का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, मुलगी शिकते का, असे वीस हो-नाही प्रश्न असतात, आणि प्रत्येकाचा खरा वाटा वेगळा असतो. प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा नमुना काढता येत नाही. ०.५ धरून काढलेला नमुना त्या वीसही प्रश्नांना पुरतो, निदान प्रश्न सगळ्या घरांना विचारले असतील तोवर.

## हिशेब

स्प्रेडशीटच्या एका चौकटीत हे लिहा:

```
=ROUNDUP(1.96^2*0.25/0.05^2,0)
```

आत ३८४.१६ येतं आणि उत्तर ३८५ मिळतं. अपूर्णांक आला की नेहमी वर न्यायचा, कारण ३८४ घरांनी मार्जिन पाचाच्या केसभर वर राहतं. फरक नगण्य आहे, पण परीक्षकाने विचारलं तर हेच उत्तर द्यायचं.

मार्जिन घट्ट करायचा मोह होतो, तेव्हा किंमत आधी पाहून घ्या. दहा टक्के मार्जिनला ९७ घरं, पाचला ३८५, तीनला १,०६८. मार्जिन निम्मं केलं की घरं चौपट होतात, कारण `E` चा वर्ग होतो. "दोन टक्के लिहिलं तर छान दिसेल" असं म्हणणाऱ्याने आधी त्याचे चोवीसशे उंबरठे मनात आणावेत.

आता वसाहतीचा आकार. वरचा हिशेब करताना वसाहत अमर्याद मोठी धरली होती. आपली दहा हजारांची आहे, म्हणून थोडी सूट मिळते. `n0` म्हणजे वर आलेली ३८५ घरं आणि `N` म्हणजे वसाहतीतली एकूण घरं:

```
n = n0 / (1 + (n0 − 1) / N)
385 / (1 + 384 / 10000) = 370.8
```

म्हणजे ३७१ घरं. सूट अगदीच चौदा घरांची. याच सूत्रात पाचशे घरांची छोटी वस्ती घातली तर २१८ येतात, आणि दहा लाखांचं शहर घातलं तर ३८५ च राहतात. "दहा टक्के घ्या" या सल्ल्यातली खोट इथे उघडी पडते. त्या हिशेबाने पाचशेच्या वस्तीत पन्नासच घरं घेतली असती, जी फार कमी आहेत, आणि दहा लाखांच्या शहरात एक लाख, ज्यांची काही गरज नाही. नमुन्याचा आकार मुख्यत्वे मार्जिनवर आणि घरं किती मिसळलेली आहेत यावर ठरतो. वस्ती किती मोठी हा मुद्दा फार नंतर येतो.

इथे एक गमतीशीर योगायोग सांगायला हवा, कारण त्याने बरेच जण फसतात. विद्यार्थ्यांत यामाने किंवा स्लोव्हिन या नावाने चालणारं एक सूत्र आहे:

```
n = N / (1 + N × E²)
```

त्यात `p` दिसतच नाही, म्हणून वाटतं की इथे अर्धा धरावा लागत नाही. प्रत्यक्षात तो आत दडलेला आहे. मूळ सूत्रात `p` ०.५ आणि `z` १.९६ ऐवजी सरळ २ घाला, वसाहतीच्या आकाराची सूट द्या, की जवळजवळ हेच सूत्र तयार होतं. दहा हजार घरांना ते ३८४.६ देतं. आणि अमर्याद वस्तीचं आपलं उत्तर होतं ३८४.१६. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून "दोन सूत्रांनी पडताळलं" असं लिहिलं जातं. ती पडताळणी नाही. क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध तक्त्यातला ३८४ सुद्धा ०.५, ९५ टक्के आणि पाच टक्के हेच धरून आलेला आहे. तक्ता वापरायला हरकत नाही, पण त्याच्या पोटात काय आहे ते अहवालात लिहा.

## बंद दारं

३७१ म्हणजे पूर्ण झालेल्या मुलाखती. निवडलेली घरं नव्हेत. काही दारं बंद असतील, कुणी बोलायला नकार देईल. समजा शंभरातली पंच्याऐंशी घरं उत्तर देतील असं वाटतं, तर ३७१ ला ०.८५ ने भागा. ४३७ येतात. यादीतून तेवढी घरं निवडायची.

पण या वसाहतीत बंद दार हा नुसता संख्येचा प्रश्न नाही. विडी घरात बसून वळली जाते. बाई सकाळी तयार विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जाते, मोजून देते, तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन परत येते, आणि मग सूप मांडीवर घेऊन दारात बसते. म्हणजे दुपारी दार उघडं असणारं घर विडी वळणारं असण्याची शक्यता जास्त. आणि कुलूप असलेल्या घरातली बाई शिलाईच्या कारखान्यात किंवा यंत्रमागावर गेलेली असण्याची शक्यता जास्त.

दुपारी फिरून, बंद घर सोडून शेजारचं उघडं घर घेतलं, तर ३७१ मुलाखती पूर्ण होतील, मार्जिन कागदावर पाच टक्क्यांच्या आत बसेल, आणि उत्तर खऱ्यापेक्षा बरंच वर जाईल. ०.५ धरल्याने या चुकीपासून काडीचंही संरक्षण मिळत नाही. सूत्र फक्त निवडीतल्या योगायोगाचा हिशेब करतं. एकाच बाजूला ओढणारी चूक त्याला दिसत नाही, आणि नमुना मोठा केल्याने ती कमीही होत नाही.

उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही. निवडलेल्या घराच्या जागी दुसरं घर घ्यायचं नाही. बंद असेल तर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा जायचं. प्रत्येक मुलाखतीच्या कागदावर ती कितव्या फेरीत झाली हे लिहायचं. शेवटी पहिल्या फेरीत भेटलेल्या घरांचा वाटा आणि नंतरच्या फेऱ्यांत भेटलेल्या घरांचा वाटा वेगवेगळा काढून पाहायचा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर न भेटलेल्या घरांनी फार बिघडवलं नसेल. नंतरच्या फेरीतला वाटा खूप खाली असेल, तर अजिबात न भेटलेली घरं आणखी खाली असणार हे धरून चाला आणि तसं लिहा.

आणखी एक गोष्ट सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरून आलेल्याला सांगावी लागते. सोलापूरच्या विडी कामगारांच्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते. पाहणी करणाऱ्यांत तेलुगू येणारा कुणी नसेल तर म्हाताऱ्या बायकांची उत्तरं सून किंवा नातू देतात, आणि "सात दिवसांत" हे शब्द वाटेतच हरवतात.

## घरं कशी निवडायची

वरचं सूत्र एका अटीवर खरं आहे. प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी, आणि घरं एकेकटी निवडलेली हवीत. घरक्रमांकांची यादी मिळाली तर सोपं काम आहे. १०,००० ला ४३७ ने भागलं की २२.९ येतात, म्हणून दर बाविसावं घर घ्यायचं. १ ते २२ यांतून चिठ्ठी टाकून पहिला क्रमांक काढा. समजा ९ निघाला, तर ९, ३१, ५३ असं पुढे. यातून ४५४-४५५ घरं मिळतात. सगळी घ्यायची, मध्येच थांबायचं नाही, नाहीतर यादीच्या शेवटची घरं कायमची बाहेर राहतील. एक दक्षता मात्र घ्या. एका रांगेत अकरा किंवा बावीस घरं असतील तर दर बाविसावं घर प्रत्येक वेळी रांगेतल्या एकाच जागेवर पडेल, कदाचित नेहमी कोपऱ्यावर, आणि कोपऱ्यावरच्या घरात दुकान असतं. तसं असेल तर अंतर २१ करा.

पुष्कळदा वेळ वाचवायला काही गल्ल्या निवडून प्रत्येकीतली दहा-दहा घरं घेतात. चालतं, पण मग ३७१ पुरत नाहीत. शेजारची घरं एकमेकांसारखी असतात. एका शाखेचा माल एका गल्लीत येतो, बायका एकमेकींना धरून काम करतात. त्यामुळे दहावं घर पहिल्या नवांपेक्षा फारसं नवीन काही सांगत नाही. याची भरपाई अशी करतात:

```
1 + (m − 1) × r
```

`m` म्हणजे एका गल्लीतून घेतलेली घरं आणि `r` म्हणजे गल्लीतल्या घरांमधलं साम्य. `m` दहा आणि `r` समजा ०.०५ धरला तर १.४५ येतो. ३७१ ला त्याने गुणा, ५३८ मुलाखती लागतील. बंद दारांसह ६३३ घरं. एका गल्लीतून दहाऐवजी पाचच घरं घेतली तर गुणक १.२० वर येतो. म्हणून थोडं जास्त चालून जास्त गल्ल्या घेणं बहुतेक वेळा परवडतं.

## छोटी चाचणी घेऊन अर्धा टाळता येतो का

येतो, पण जपून. महालनोबिस यांनी १९३०च्या दशकात बंगालच्या ताग पिकाच्या पाहणीत आधी छोटी पाहणी करून मग मोठीचा आराखडा ठरवण्याची रीत घालून दिली, आणि ती आजही उत्तम आहे. धोका पुढे आहे. समजा चाळीस घरांच्या चाचणीत आठ घरांनी हो म्हटलं. वाटा ०.२. सूत्रात ०.२ घातला की २४६ घरं पुरतील असं येतं, आणि एकशे एकोणचाळीस घरं वाचल्याचा आनंद होतो.

पण चाळीस घरांचा आकडा स्वतःच डळमळीत आहे. त्यावरून ९५ टक्के भरवशाने एवढंच म्हणता येतं, की खरा वाटा साधारण १० ते ३५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. तो ३५ असेल तर २४६ घरं कमी पडतील. म्हणून नियम असा, की जी पट्टी खात्रीची वाटते त्या पट्टीतला ०.५ च्या सर्वांत जवळचा आकडा घ्यायचा. इथे तो ०.३५. त्याने ३५० घरं येतात. ३८५ च्या तुलनेत वाचली पस्तीस, आणि चाचणीला गेली चाळीस. मग चाचणी कशाला घ्यायची? प्रश्न नीट समजतात का, मुलाखतीला किती वेळ लागतो, किती दारं बंद मिळतात, हे कळायला. त्यासाठी ती जरूर घ्या.

काहीच माहीत नसेल तर पट्टी ० पासून १ पर्यंत, आणि तिच्यातला ०.५ च्या सर्वांत जवळचा आकडा ०.५ च. म्हणजे अर्धा धरणं हा याच नियमाचा एक प्रकार आहे.

## मुलाखती झाल्यावर पुन्हा हिशेब

आराखड्यात लिहिलेलं पाच टक्के मार्जिन निकालात तसंच्या तसं उतरवायचं नाही. आता खरी माहिती हाताशी आहे, ०.५ चं काम संपलं. समजा दर बाविसाव्या घराच्या पद्धतीने ३७१ मुलाखती झाल्या आणि २४१ घरांनी हो म्हटलं. वाटा ०.६५.

```
1.96 × √(0.65 × 0.35 / 371) = 0.0485
```

याला वसाहतीच्या आकाराची सूट म्हणून `√(1 − 371 / 10000)` म्हणजे ०.९८ ने गुणलं की ०.०४८. निकाल, ६५ टक्के, ४.८ टक्के इकडेतिकडे. त्याऐवजी ७४ घरांनीच हो म्हटलं असतं तर वाटा २० टक्के आणि मार्जिन ४.० टक्के आलं असतं. आधी जास्तीची वाटलेली घरं अशी परत मिळतात. वाटा अर्ध्यापासून जितका दूर, तितकं उत्तर ठरवल्यापेक्षा काटेकोर.

एकूण वसाहतीचा आकडा असा पक्का झाला तरी तुकड्यांचा होत नाही. हाच नमुना चार भागांत वाटला तर प्रत्येकात साधारण ९३ घरं येतात आणि मार्जिन दहा टक्क्यांवर जातं. भागाभागांची तुलना करायची असेल तर प्रत्येक भागासाठी वेगळा हिशेब आधीच करावा लागतो.

## अर्धा कुठे सुरक्षित नाही

आतापर्यंतचं मार्जिन थेट टक्क्यांतलं होतं, वाटा काहीही असो, पाच इकडे पाच तिकडे. विरळ गोष्टीला हे माप निरुपयोगी ठरतं. समजा विचारायचं आहे, की किती घरांत चौदा वर्षांखालचं मूल विडी वळायला बसतं. वाटा दोन टक्के असेल तर "दोन टक्के, पाच इकडेतिकडे" याला काही अर्थ नाही. तिथे म्हणावं लागतं, की उत्तर खऱ्या आकड्याच्या पाव हिश्श्याइतकं चुकलं तर चालेल, म्हणजे दीड ते अडीच टक्क्यांच्या आत हवं. अशा सापेक्ष मार्जिनचं सूत्र वेगळं:

```
n = z² × (1 − p) / (R² × p)
```

`R` ०.२५ धरून `p` ०.५ घातला तर ६२ घरं येतात, आणि `p` ०.०२ घातला तर ३,०१२. इथे `p` खाली आहे, भागाकारात. वाटा जितका लहान तितकी घरं जास्त, आणि त्याला छतच नाही. अर्धा धरणं या सूत्रात सावधगिरीचं नसून उलट धोक्याचं आहे. अशा प्रश्नासाठी वाट्याचा सर्वांत लहान संभाव्य आकडा धरावा लागतो. तेवढी घरं शक्य नसतील तर तो प्रश्न या पाहणीतून काढून टाका, आणि त्यासाठी शाळेचे पट, गळतीच्या नोंदी अशी दुसरी वाट शोधा.